विश्लेषण : व्हायरल व्हिडिओ नेमका कोणत्या देशातला? धूसर नंबरप्लेटही बरेच काही सांगते…

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून पोट भरणारे भटक्या समाजातील लोक होते. मुले पळवण्याच्या अफवांनी त्या वर्षी देशभर अनेक जीव घेतले. तेव्हा मोबाइलवर फिरत असलेल्या व्हिडिओंपैकी एकात मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेताना दिसत होते. हा व्हिडिओ भारतातला नव्हता. कराचीमध्ये पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली ती जनजागृतीची फिल्म होती. मूल परत आणून देण्याचा आणि संदेशाचा फलक दाखवण्याचा शेवटचा भाग कापून ती पुढे ढकलली गेली होती.

तेव्हापासून प्रसंग बदलले, प्रकार तोच राहिला. ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशात आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळमध्ये सत्तापालट झाला, तेव्हा जाळपोळीचे आणि गर्दीचे व्हिडिओ आपल्याकडे धो-धो आले. असे व्हिडिओ सोयीप्रमाणे ‘पाहा, आपल्याकडे काय चालले आहे’ या ओळीसह पुन्हा फिरवता येतात. रस्ते, माणसे, दुकाने, गर्दी सगळे ओळखीचे वाटते. आवाज काढून टाकला किंवा वर गाणे चढवले की भाषेचाही आधार उरत नाही. मात्र अशा व्हिडिओत बहुतेक वेळा एखादे तरी वाहन असते आणि त्याला नंबरप्लेट असते. नंबर वाचता आला नाही, देशाची अक्षरे दिसली नाहीत, तरी तिचा रंग, आकार आणि अक्षरांची मांडणी यावरून देशाचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. तो कसा, हे आपल्या शेजारी देशांच्या उदाहरणांवरून पाहू.

नंबर दिसत नसेल तर प्लेटचा उपयोग काय?

दुकानाची पाटी कुणी कशीही रंगवू शकतो. नंबरप्लेटचे तसे नसते. तिचा रंग, लांबी-रुंदी, अक्षरांची उंची आणि लिपी हे त्या त्या देशाच्या कायद्याने ठरवलेले असते. त्यामुळे एकाच देशातल्या हजारो गाड्यांवर तोच नमुना दिसतो आणि सीमेपलीकडे गेले की नमुना बदलतो. शिवाय रंगाचा ठिपका आणि ओळींची रचना या गोष्टी अक्षरांपेक्षा जास्त टिकतात. वारंवार फॉरवर्ड होऊन व्हिडिओ खराब झाला की अक्षरे आधी जातात, पण ‘हिरव्या पट्टीवर दोन काळसर ओळी’ एवढे तरी उरतेच.

भारतातील प्लेट कशी असते?

खासगी गाडीला पांढऱ्या प्लेटवर काळी अक्षरे, तर टॅक्सी, रिक्षा, ट्रक अशा व्यावसायिक वाहनांना पिवळ्या प्लेटवर काळी अक्षरे, हे आपल्याला माहीत असते. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांना काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरे असतात. विजेवर चालणाऱ्या वाहनांची प्लेट हिरवी असते. वाहन खासगी असेल तर त्यावर पांढरी आणि व्यावसायिक असेल तर पिवळी अक्षरे असतात. म्हणजे भारतातील हिरव्या प्लेटवरची अक्षरे फिकट रंगाची असतात. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे.

कायद्याने अक्षरे रोमन लिपीत आणि अंक इंग्रजी हवेत. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे एचएसआरपी, बंधनकारक झाली. तिच्या डाव्या कडेला अशोकचक्राचा छोटा चमकता होलोग्राम आणि खाली निळ्या रंगात भारताची तीन अक्षरे असतात, पण होलोग्राम जेमतेम दोन सेंटिमीटरचा असल्याने व्हिडिओत तो क्वचितच दिसतो. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना ही पाटी लावण्याची मुदत अनेकदा वाढवावी लागली. त्यामुळे आपल्या रस्त्यांवर नव्या एकसारख्या पाट्यांबरोबर जुन्या, पेंटरकडून रंगवून घेतलेल्या, तऱ्हेतऱ्हेच्या वळणांच्या पाट्याही बराच काळ दिसत राहिल्या. एकाच चौकात असा सरमिसळ प्रकार दिसणे हीसुद्धा एक खूणच आहे.

हिरवी प्लेट : इलेक्ट्रिक गाडी की बांगलादेश?

बांगलादेशात २०१२ पासून प्रकाश परावर्तित करणाऱ्या नव्या पाट्या आल्या. तिथे खासगी वाहनांना पांढऱ्या प्लेटवर काळी अक्षरे असतात, म्हणजे आपल्यासारखीच. पण व्यावसायिक वाहनांची प्लेट पिवळी नसून हिरवी असते आणि तिच्यावरची अक्षरे काळी असतात. लिपी बंगाली आणि अंकही बंगाली. मजकूर दोन ओळींत असतो. वरच्या ओळीत शहराचे किंवा जिल्ह्याचे नाव आणि वाहनाचा प्रकार सांगणारे एक अक्षर, उदाहरणार्थ ‘ढाका मेट्रो’ आणि पुढे एक अक्षर. खालच्या ओळीत सहा अंक असतात. दोन अंक, मध्ये छोटी रेघ आणि मग चार अंक.

पश्चिम बंगालमध्येही लोक बंगाली लिहितात-वाचतात, पण तिथल्या गाडीवर भारतीय नियमाप्रमाणे रोमन अक्षरे असतात. त्यामुळे ‘दुकानाच्या पाटीवर बंगाली दिसते, म्हणजे हे कोलकाता’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो. दुकानाची पाटी दोन्ही देशांत बंगाली असू शकते, गाडीची पाटी मात्र एकाच देशात बंगाली असते.

एक उदाहरण सोडवून पाहू…

समजा, तुमच्या ग्रुपवर वीस सेकंदांचा व्हिडिओ आला. रात्रीची वेळ आहे, एक बस पेटलेली आहे, लोक धावत आहेत आणि खाली लिहिले आहे, ‘काल रात्री पश्चिम बंगालमध्ये’. कडेला एक ट्रक आणि एक रिक्षा उभी आहे. दोन्हींचे नंबर वाचता येत नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे वाहने रस्त्याच्या कोणत्या बाजूने जातात ते पाहायचे. इथे ती डावीकडून जात आहेत. पण भारत, बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका या सगळ्याच देशांत डावीकडून वाहने चालतात. म्हणजे यातून युरोपातले बहुतेक देश आणि अमेरिका बाद होतात, पण शेजाऱ्यांपैकी कुणीच बाद होत नाही.

दुसरी गोष्ट रंगाची. रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्यांत ट्रकची प्लेट मळकट तपकिरी दिसते. अशा वेळी व्हिडिओ थांबवत-थांबवत पुढे न्यायचा आणि समोरून येणाऱ्या एखाद्या वाहनाचा पांढरा प्रकाश प्लेटवर पडतो ती फ्रेम शोधायची. त्या एका फ्रेममध्ये प्लेट हिरवी दिसते आणि तिच्यावरचा मजकूर गडद दिसतो.

तिसरी गोष्ट म्हणजे प्लेटचा रंग आणि वाहन यांचा मेळ. भारतात हिरवी प्लेट फक्त विजेवरच्या वाहनाला मिळते. व्हिडिओतला ट्रक मात्र सुरू होताना काळा धूर सोडतो. डिझेलच्या ट्रकला भारतात पिवळी प्लेट असायला हवी. शेजारच्या रिक्षेचीही प्लेट हिरवी आहे आणि तिच्यावरचा मजकूरही गडद आहे. विजेवरच्या भारतीय रिक्षेवर तो पिवळा असता. रिक्षेला दोन्ही बाजूंनी जाळीची दारे आहेत. ढाक्यातल्या, तिकडे ‘सीएनजी’ म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या हिरव्या रिक्षांना अशी जाळी सर्रास असते.

चौथी गोष्ट म्हणजे न वाचताही मोजता येणारे अंक. भारतीय ट्रकवर दोन ओळींची पाटी असेल तर वरच्या ओळीत राज्य, आरटीओचा क्रमांक आणि मालिकेची अक्षरे येतात आणि खाली बहुधा चार अंक. या ट्रकच्या पाटीवर खाली सहा ठिपके दिसतात आणि दुसऱ्या ठिपक्यानंतर थोडी जास्त जागा सुटलेली आहे. वरची ओळ गिचमिडी असून तिच्या माथ्यावर सलग आडवी रेघ जाणवते. देवनागरीप्रमाणे बंगाली अक्षरांवरही शिरोरेखा असते, अंकांवर मात्र नसते. म्हणून वरची ओळ दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसते आणि खालची सुटी-सुटी.

या चारही गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवतात. या गाड्या बांगलादेशात नोंदवलेल्या आहेत. त्यामुळे ‘पश्चिम बंगाल’ हा दावा फार कमकुवत ठरतो. मात्र ‘काल रात्री’ खरे की खोटे, याबद्दल प्लेट काहीच सांगत नाही. त्यासाठी त्या फ्रेमचा स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्ससारख्या साधनात टाकायचा आणि हेच चित्र आधी कधी कुठे आले होते का, ते पाहायचे. आता शोधशब्दांत ‘ढाका’ किंवा ‘बांगलादेश’ घालता येते, हा प्लेट पाहण्याचा मोठा फायदा आहे.

इथे एक सापळाही आहे. बंगाली चार हा अंक इंग्रजी ८ सारखा आणि बंगाली सात हा इंग्रजी ९ सारखा दिसतो. धूसर प्लेटवर हे दोन अंक ओळखीचे वाटले की माणूस बाकीचेही इंग्रजीच समजून वाचू लागतो. म्हणून सुट्या अंकांवर विसंबू नये, पूर्ण ओळीची ठेवण पाहावी.

लाल प्लेट आणि देवनागरी : हे आपलेच का?

मराठी माणसाला सर्वांत सहज फसवू शकते ती नेपाळची जुनी पाटी, कारण ती देवनागरीत असते. ‘बा’ हे अक्षर, मग एक अंक, मग वाहनाचा प्रकार सांगणारे ‘च’ किंवा ‘प’ असे अक्षर आणि त्यानंतर क्रमांक. त्यातला ‘बा’ बागमतीचा. काठमांडू याच भागात येत असल्याने बातम्यांच्या व्हिडिओंत तो वारंवार दिसतो. तिथे खासगी गाडीची प्लेट लाल असते आणि अक्षरे पांढरी. भाड्याच्या वाहनांना काळ्या प्लेटवर पांढरी अक्षरे असतात. २०१७ पासून रोमन लिपीतल्या उठावदार पाट्याही आल्या, पण जुन्या देवनागरी पाट्या रस्त्यावरून गेलेल्या नाहीत.

आता कुणी म्हणेल, देवनागरी पाट्या महाराष्ट्रातही पाहिल्या आहेत. खरे आहे. ४१४१ हे आकडे वळवून ‘दादा’ लिहिणारे दुचाकीस्वार आणि मराठीत नंबर रंगवून घेणारे हौशी लोक आपल्याकडे आहेत. ते नियमात बसत नाही, पण रस्त्यावर दिसते. म्हणून केवळ लिपी पाहून भागत नाही, तिला रंगाची जोड द्यावी लागते. भारतात लाल पाटीवर पांढरी अक्षरे हा प्रकार विक्रेत्याकडच्या, अजून ग्राहकाच्या नावावर न झालेल्या गाड्यांसाठी आहे. अशी एखादी गाडी दिसू शकते. पण रस्त्याकडेला लावलेल्या वीस दुचाकींपैकी बहुतेक सगळ्यांच्या प्लेट लाल असतील, तर तो भारत नव्हे.

भूतानमध्येही खासगी गाडीची प्लेट लाल आणि अक्षरे पांढरी असतात. तिथली अक्षरे मात्र रोमन असतात. अक्षरे धूसर असली तरी शिरोरेखेची सलग आडवी रेघ दिसते की नाही, यावरून नेपाळ आणि भूतान वेगळे करता येतात.

आकार कसा मोजायचा?

व्हिडिओवरून प्लेट किती मिलिमीटरची हे सांगता येत नाही, पण ती उंचीच्या किती पट लांब आहे हे सांगता येते. गॅलरीत फ्रेम मोठी करा आणि साध्या पट्टीने स्क्रीनवर मोजा. भारतीय कारची लांबट प्लेट ५०० बाय १२० मिलिमीटर, म्हणजे उंचीच्या चौपटीहून किंचित जास्त लांब असते. जर्मनीत ती ५२० बाय ११० असते, म्हणजे पावणेपाच पट. अमेरिकेतली प्लेट बारा इंच बाय सहा इंच, म्हणजे बरोबर दुप्पट. जपानमध्येही ३३० बाय १६५, म्हणजे दुप्पटच.

यातली अडचण कोनाची आहे. गाडी तिरकी उभी असेल तर प्लेटची लांबी आखडते, उंची मात्र तेवढीच राहते. साठ अंशांच्या कोनातून पाहिले तर लांबी निम्मी दिसते आणि जर्मन प्लेटही अमेरिकन वाटू लागते. त्यामुळे गाडी जवळपास सरळ समोर किंवा सरळ पाठमोरी असलेली फ्रेमच मोजायला घ्यावी. दोन्ही मागचे दिवे सारख्याच रुंदीचे दिसत असतील तर ती फ्रेम चालेल. भारतीय आणि युरोपीय प्लेट यांच्यातला थोडासा फरक अशा मोजणीत टिकत नाही, हेही लक्षात ठेवावे. लांबट आणि चौकोनी एवढा ढोबळ फरक मात्र ठामपणे सांगता येतो.

अक्षरांचे वळण किती उपयोगी?

व्हिडिओ स्पष्ट असेल तर फार उपयोगी. जर्मनीच्या प्लेटवरची अक्षरे मुद्दाम थोडी विचित्र घडवलेली आहेत. काळ्या रंगाचा फटकारा मारून एका अक्षराचे दुसरे करता येऊ नये, म्हणून प्रत्येकाचा आकार वेगळा ठेवला आहे. रोमन पी आणि आर, ई आणि एफ ही जोडी नीट पाहिली तर फरक जाणवतो. शिवाय शहराची अक्षरे आणि पुढची अक्षरे यांच्यामध्ये गोल शिक्के असतात. डावीकडची निळी पट्टी कापली गेली तरी हे शिक्के दिसतात. पण हेच वळण ब्राझीलच्या आणि अर्जेंटिनाच्या नव्या पाट्यांवरही वापरले जाते. म्हणजे इथेही एका खुणेवर निकाल देता येत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या त्या पाट्यांना निळी पट्टी डावीकडे नसून वरच्या बाजूला आडवी असते.

अस्पष्ट व्हिडिओत वळण दिसत नाही, पण अक्षरांचे गट दिसतात. ब्रिटन आणि श्रीलंका या दोन्ही देशांत गाडीची पुढची प्लेट पांढरी आणि मागची पिवळी असते, वाहनेही डावीकडून चालतात. भारतात एकाच गाडीला असे दोन रंग नसतात, त्यामुळे भारत इथेच बाद होतो. आता या दोघांत निवड करायची तर गट मोजायचे. ब्रिटनच्या सध्याच्या पद्धतीत चार अक्षर-अंक, मध्ये जागा आणि मग तीन अक्षरे असतात. श्रीलंकेत आधी अक्षरे आणि शेवटी चार अंक असतात. ‘चार-तीन’ दिसले तर ब्रिटन, शेवटी चार दिसले तर श्रीलंका.

रंग कुठे फसवतो?

रात्रीच्या पिवळ्या दिव्यांत पांढरी प्लेट पिवळी दिसते. खासगी कार टॅक्सी वाटते आणि भारतीय गाडी भलत्याच देशातली. यावर उपाय म्हणजे त्याच फ्रेममध्ये जी वस्तू नक्की पांढरी आहे तिच्याशी तुलना करणे. रस्त्यावरचा पांढरा पट्टा, रुग्णवाहिका, कुणाचा सदरा. तीही पिवळी दिसत असेल तर प्लेटचा पिवळेपणा दिव्याचा आहे.

दुसरा प्रकार उलटा आहे. प्रकाश परावर्तित करणाऱ्या प्लेटवर हेडलाइट थेट पडला की ती पांढरीफेक चमकते आणि रंग व अक्षरे दोन्ही धुऊन जातात. अशा वेळी पुढची-मागची फ्रेम पाहावी. तिसरा प्रकार व्हिडिओ लहान करताना घडतो. फाइलचा आकार कमी करताना रंगाचा तपशील उजेड-अंधाराच्या तपशिलापेक्षा जास्त काटला जातो. त्यामुळे लाल बसवरची छोटी पांढरी प्लेट गुलाबीसर दिसू शकते. प्लेटचा रंग आणि गाडीचा रंग एकमेकांजवळचे वाटले की त्या गाडीवर निष्कर्ष काढू नये, दुसरी गाडी शोधावी.

आणि काही व्हिडिओ आरशासारखे उलटे करून टाकलेले असतात. मग डावीकडची वाहने उजवीकडे जातात आणि सगळा अंदाज उलटतो. कुठेही एखादी मोठी पाटी, टी-शर्टवरचा मजकूर किंवा घड्याळ उलटे दिसते का, हे आधी पाहिलेले बरे.

प्लेट काय सांगू शकत नाही?

प्लेट गाडी कुठे नोंदवली ते सांगते, ती कुठे उभी आहे ते नाही. भारतीय ट्रक माल घेऊन नेपाळमध्ये जातात, पेट्रापोलच्या सीमेवरून बांगलादेशातल्या बेनापोलला जाऊन माल उतरवतात. त्यामुळे एका पिवळ्या प्लेटच्या ट्रकवरून ‘हे भारतातच’ असे म्हणता येत नाही. काही हौशी लोक भारतातल्या गाडीवर युरोपीय पद्धतीची पाटी लावतात. चित्रीकरणासाठी तर कोणत्याही देशाची पाटी बनवता येते. यावर एकच साधा उपाय आहे. एका गाडीवर न थांबता निदान तीन गाड्या पाहायच्या, त्यातही रिक्षा, शहर बस, रस्त्याकडेच्या दुचाकी अशा सहसा सीमा ओलांडत नाहीत त्या आधी पाहायच्या.

प्लेट एखादा देश ठामपणे सिद्ध करण्यापेक्षा एखादा दावा खोडून काढण्याच्या कामी जास्त येते. ‘हे नक्की ढाकाच’ असे म्हणायला आणखी पुरावा लागतो. पण ‘इथे दिसणाऱ्या तीनही व्यावसायिक गाड्यांच्या प्लेट हिरव्या आहेत आणि अक्षरे काळी आहेत, मग हे पश्चिम बंगाल कसे?’ हा प्रश्न ग्रुपवर विचारायला एवढे पुरेसे असते. त्याचे उत्तर मिळेपर्यंत तो व्हिडिओ पुढे न पाठवता आपल्याच मोबाइलमध्ये राहू द्यावा.